ड्रोनच्या बॅटरीतील सहा घट : चार्जिंग, समतोल व साठवण

गावठाणाची मोजणी करण्यासाठी आकाशातून फिरणारे ड्रोन आता ग्रामपंचायतींच्या परिचयाचे झाले आहे. महाराष्ट्रात या मोजणीचा पहिला प्रयोग पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील सोनोरी या गावी झाला. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाने 'स्वामित्व' या नावाने हीच कल्पना योजनेच्या रूपात सुरू केली. नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या 'नमो ड्रोन दीदी' योजनेमुळे महिला बचतगटांच्या हाती फवारणीची ड्रोन येऊ लागली. अनेक शाळांच्या प्रयोगशाळांतून विद्यार्थी लहान चाकांचे यंत्रमानव तयार करीत आहेत. या सर्व यंत्रांना शक्ती पुरविणारी वस्तू बहुतेक ठिकाणी एकच असते, आणि ती म्हणजे लिथियम पॉलिमर जातीची बॅटरी.

यंत्र कसे चालवावे याचे प्रशिक्षण दिले जाते. बॅटरीची निगा मात्र पुष्कळदा 'चार्जरला लावून ठेवा' एवढ्या एका वाक्यात आटोपते. वस्तुतः ड्रोन कोसळणे, कार्यालयातील कपाट पेटणे किंवा महागडी बॅटरी एका वर्षात निकामी होणे या तिन्ही गोष्टींचे मूळ त्या एका वाक्यातच दडलेले असते. कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत हा प्रश्न अधिक बिकट होतो. येथे चैत्र-वैशाखात पारा चाळीस अंशांच्या आसपास जातो, आणि पुढचे चार महिने सह्याद्रीच्या कुशीतला धुवाधार पाऊस व दमट हवा असते. उष्णता व ओल ही दोन्ही या बॅटरीची शत्रू आहेत.

एक पॅक, सहा घट

भाताच्या खाचरावर फवारणी करणाऱ्या दहा लिटर क्षमतेच्या ड्रोनचे उदाहरण घेऊ. अशा ड्रोनवर साधारणतः दोन पॅक एकापुढे एक जोडलेले असतात. त्यांतील एका पॅकवर २२.२ व्होल्ट, १६,००० मिलिअँपियर-तास, सहा सेल असे छापलेले आहे असे समजू. बाहेरून ही एक वीट दिसते. आत मात्र सहा स्वतंत्र सेल, म्हणजे घट, साखळीने जोडलेले असतात. प्रत्येक घटाचे नाममात्र विभव ३.७ व्होल्ट असते आणि सहा घटांचे मिळून २२.२ व्होल्ट होतात.

घट पूर्ण भरला म्हणजे त्याचे विभव ४.२० व्होल्ट होते. त्यापुढे भरणे धोक्याचे असते. रिकामा होताना, यंत्र चालू असतानासुद्धा, ते ३.० व्होल्टच्या खाली जाता कामा नये; व्यवहारात ३.५ च्या सुमारास काम थांबविणे शहाणपणाचे ठरते. वापर नसताना घट ३.८० ते ३.८५ व्होल्टवर ठेवावा. ४.२०, ३.५ आणि ३.८ हे तीन आकडे बॅटरीच्या पेटीवर आतल्या बाजूने चिकटवून ठेवावेत. येथे एक सावधगिरी हवी. 'लिथियम' असे लिहिलेल्या सर्वच बॅटऱ्यांना हे आकडे लागू नाहीत. लोह-फॉस्फेट जातीचा घट ३.६५ व्होल्टलाच भरतो, तर उच्च-विभव जातीचा ४.३५ पर्यंत जातो. म्हणून चार्जरच्या पडद्यावरील जात आणि पॅकवर छापलेली जात जुळते की नाही हे प्रत्येक वेळी पाहावे लागते.

पॅकमधून दोन प्रकारच्या तारा बाहेर येतात. जाड लाल व काळी तार मोटारींना प्रवाह पुरविते. तिच्याशेजारी एक पांढरा चपटा जोड असतो आणि त्यात सात बारीक तारा असतात. सहा घटांसाठी सात तारा का, असा प्रश्न शाळेतील मुले हटकून विचारतात. सहा खोल्यांच्या चाळीला दोन टोकांच्या धरून सात भिंती लागतात, तसेच हे आहे. शेजारच्या दोन तारांमधील अंतर म्हणजे एका घटाचे विभव. या बारीक तारांच्या जोडाला समतोल-जोड म्हणतात. पॅकच्या पोटात काय चालले आहे हे सांगणारी ती एकमेव खिडकी आहे.

एकूण आकडा फसवा का ठरतो

सहा घट एकाच दिवशी, एकाच कारखान्यात तयार झाले तरी ते जुळ्या भावांसारखे अगदी सारखे नसतात. वापराबरोबर त्यांतील एखादा थोडा मागे पडतो किंवा पुढे जातो. मग काय होते ते पाहा.

एखाद्याने केवळ जाड तारा जोडून, समतोल-जोड न लावता पॅक भरला. चार्जर एकूण २५.२ व्होल्ट होताच थांबला. हिशेबाने प्रत्येक घट ४.२० वर असला पाहिजे. परंतु पाच घट ४.१६ वर आणि सहावा ४.४० वर असला तरी बेरीज २५.२० व्होल्टच येते. चार्जरच्या दृष्टीने सर्व क्षेम असते, तर सहाव्या घटात मात्र विद्युत्-विलेय द्रवाचे विघटन सुरू झालेले असते. त्यातून वायू तयार होतो आणि पॅक फुगतो. अशा अतिभारित घटात पुढे अंतर्गत लघुमंडल झाले तर आग लागते.

समतोल साधणारा चार्जर सातही तारांवरून प्रत्येक घट स्वतंत्रपणे वाचतो. जे घट पुढे गेले असतील त्यांतील थोडी शक्ती तो लहान रोधातून उष्णतेच्या रूपाने सोडून देतो आणि मागे राहिलेल्याला गाठू देतो. हे काम संथ असते. समजा, एक घट इतरांपेक्षा दोन टक्क्यांनी मागे आहे. सोळा हजारांचे दोन टक्के म्हणजे ३२० मिलिअँपियर-तास. चार्जरची समतोल साधण्याची क्षमता ३०० मिलिअँपियर असेल, तर तेवढ्यासाठीच तासाभराचा अवधी लागतो. पडद्यावर ९८ टक्के दिसत असताना 'आता काय राहिले आहे' असे म्हणून पॅक काढून नेण्याची सवय सर्वत्र आढळते. समतोलाचे काम मात्र नेमके त्याच शेवटच्या भागात व्हायचे असते. चार्जरवर `BALANCE` ही रीत निवडावी आणि त्याने स्वतःहून काम संपल्याचे सांगेपर्यंत थांबावे.

चार्जिंगची रीत

भरण्याचा प्रवाह पॅकच्या क्षमतेवर ठरतो. क्षमता १६,००० मिलिअँपियर-तास, म्हणजे १६ अँपियर-तास, असेल तर १६ अँपियर ही सामान्य मर्यादा झाली. शाळेतील यंत्रमानवाच्या तीन घटांच्या २,२०० मिलिअँपियर-तासांच्या पॅकला हीच मर्यादा २.२ अँपियर असते. निर्मात्याने अधिक वेगाची मुभा दिली असली तरी घाई नसताना ती घेऊ नये. आपल्या मोठ्या पॅकला १० अँपियर प्रवाह दिल्यास सुमारे दोन तासांत तो भरतो आणि घट तापतही नाहीत. सुरुवातीला प्रवाह स्थिर राहतो व विभव चढत जाते. विभव मर्यादेला पोचल्यावर ते तेथेच धरले जाते व प्रवाह हळूहळू उतरत जातो. म्हणूनच शेवटचे काही टक्के भरण्यास वेळ लागतो. चार्जर बिघडला आहे असे समजण्याचे कारण नाही.

जोडण्यापूर्वी पॅक हाताने चाचपून पाहावा. नुकताच उतरलेला ड्रोन बांधावर ठेवून त्यातील गरम पॅक तसाच जनित्रावरच्या चार्जरला लावला जातो, कारण पुढच्या खाचराचा मालक वाट पाहत असतो. हे टाळण्यासाठी पॅकच्या जोड्या पुरेशा असाव्यात आणि उतरलेल्या जोडीला सावलीत निदान अर्धा-पाऊण तास विसावा मिळावा. हाताला कोमट लागतो तोवर ठीक; चटका बसत असेल तर भरू नये. पॅक थंड व्हावा म्हणून तो पाण्यात बुडविणे हा उपाय नव्हे.

चार्जिंगची जागा ठरविताना एकच प्रश्न स्वतःला विचारावा : हा पॅक येथे पेटला, तर आणखी काय पेटेल? लाकडी टेबल, पडदे, खताची पोती व कागदपत्रे जवळ नकोत. शहाबादी लादीचा किंवा सिमेंटचा मोकळा कोपरा, वर पत्रा किंवा स्लॅब आणि जवळ उघडे दार असावे. काही कार्यालयांतून चार्जर जुन्या दप्तराच्या कपाटावर ठेवलेला दिसतो. वीजजोड तेथेच असतो, एवढेच त्याचे कारण. सातबाराचे जुने उतारे आणि ३५५ वॅट-तास शक्ती साठविणारा पॅक यांचे शेजारपण कोणत्याही सोयीसाठी पत्करण्यासारखे नाही. बाजारात अग्निरोधक पिशव्या मिळतात. लहान पॅकला त्यांचा उपयोग होतो, परंतु सहा घटांच्या मोठ्या पॅकची आग केवळ पिशवी थोपवून धरील असे समजू नये. धातूची पेटी वापरल्यास तिला वायू बाहेर जाण्यासाठी फट ठेवावी, कारण हवाबंद पेटी स्वतःच स्फोटक बनते. चार्जिंग चालू असताना जाणत्या माणसाने जवळ असणे हा नियम रात्रीही पाळावा. लावून झोपी जाऊ नये.

बिघडत चाललेला पॅक ओळखणे

पॅक एका दिवसात मरत नाही. कित्येक आठवडे आधीपासून तो खुणा देत असतो. फुगवटा ही त्यांतील सर्वांना माहीत असलेली, पण बरीच उशिरा दिसणारी खूण. ती वेळेवर दिसावी म्हणून एक सोपी युक्ती करता येईल. पॅक नवा असताना जाड पुठ्ठ्याला तो जेमतेम सरकेल अशी खाच कापून ठेवावी. दरमहा पॅक थंड असताना त्या खाचेतून सरकवून पाहावा. अडकू लागला म्हणजे तो फुगत आहे. नखरंग पुसण्याच्या द्रवासारखा गोडसर वास आला, तर घटाचे वेष्टन फुटले असे समजून पॅक लगेच बाजूला काढावा.

त्याआधीच्या खुणा आकड्यांत दिसतात, आणि त्यासाठी प्रत्येक पॅकचे एक पान असलेली साधी वही पुरते. पॅकवर क्रमांक घालावा; जोडीने वापरल्या जाणाऱ्यांना '१ अ' व '१ ब' असे क्रमांक द्यावेत आणि जोडी कधी मोडू नये, कारण नव्या पॅकसोबत जुना जोडला की जुना आधी रिकामा होतो. उड्डाणानंतर तासाभराने सहाही घटांचे विभव, भरताना आत गेलेले मिलिअँपियर-तास आणि चार्जर दाखवीत असल्यास प्रत्येक घटाचा अंतर्गत रोध, एवढ्याच नोंदी कराव्यात.

या नोंदी वाचायच्या कशा हे '१ अ' या कल्पित पॅकवरून पाहू. नवा असताना त्याच्या प्रत्येक घटाचा अंतर्गत रोध सुमारे २ मिलिओहम होता. शंभरेक उड्डाणांनंतर पाच घट ३ च्या आत राहिले, पण चौथा घट ६ वर गेला. आकडा क्षुल्लक वाटतो. परंतु भरल्या टाकीनिशी उडताना ड्रोन सुमारे ८० अँपियर प्रवाह ओढतो असे धरल्यास २ मिलिओहमच्या घटात विभव ०.१६ व्होल्टने दबते, तर ६ मिलिओहमच्या घटात ०.४८ व्होल्टने. उष्णतेचा हिशेब तर आणखी बोलका आहे. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध या नियमाने निरोगी घटात सुमारे १३ वॅट उष्णता निर्माण होते, आजारी घटात ३८ वॅट. म्हणजे चौथा घट आपल्याच आजाराने तापतो, आणि तापल्यामुळे आणखी आजारी होतो.

आता उड्डाण चालू असतानाची स्थिती पाहा. धोक्याची सूचना एकूण २१.० व्होल्टवर, म्हणजे सरासरी ३.५ वर, लावलेली आहे. पाच घट ३.५८ वर आणि चौथा ३.१० वर आला की बेरीज बरोबर २१.० होते. सूचना वाजते तेव्हा चालकाला वाटते की परतण्यास अवकाश आहे. प्रत्यक्षात चौथ्या घटापाशी काहीच उरलेले नसते. पुढच्या काही सेकंदांत त्याचे विभव कड्यावरून पडल्यासारखे कोसळते आणि त्याच्यामागून ड्रोनही. 'बॅटरी तीस टक्के दाखवीत असताना ड्रोन पडला' या तक्रारीमागे बहुधा असा एखादा चौथा घट असतो. ज्या ड्रोनच्या पडद्यावर प्रत्येक घटाचे विभव स्वतंत्र दिसते, त्यांवर सूचना एकूण आकड्याऐवजी सर्वांत खालच्या घटावर लावावी.

तथापि एखादा घट मागे दिसला म्हणजे तो मेलाच असे नाही. आपल्याकडील पावसाळ्यात समतोल-जोडाच्या पितळी पिनांवर हिरवट गंज चढतो आणि त्यामुळे एका घटाचे वाचन खोटे येते. म्हणून प्रथम जोड कोरड्या मऊ ब्रशने साफ करून दुसऱ्या मापकावर वाचन पडताळावे. खोटे वाचन बहुधा शेजारच्या दोन घटांत उलटसुलट दिसते, म्हणजे एक जेवढा खाली तेवढाच दुसरा वर. कारण त्या दोघांमधली भिंत एकच असते.

वाचन खरे निघाले तर पुढची परीक्षा घ्यावी. पॅक `STORAGE` रीतीने ३.८२ व्होल्टवर आणून, सर्व घट समतोल करून, थंड जागी चौदा दिवस न वापरता ठेवावा. निरोगी घट या काळात एका शतांश व्होल्टच्या आतच घटतो. पाच घट ३.८१ च्या वर राहिले आणि चौथा ३.७६ वर आला, तर त्याला आतून गळती आहे. ०.०६ व्होल्ट ही तूट लहान दिसते, पण या टप्प्यावर विभवाची रेषा जवळजवळ सपाट असल्यामुळे एवढ्या उतारात घटाच्या क्षमतेचा बराच भाग नाहीसा झालेला असतो. अशा पॅकला पुन्हा समतोल करून कामाला लावणे म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणे होय. याउलट चौदा दिवसांनी सर्व घट सारखेच राहिले, तर तो पॅक केवळ असमतोल झालेला होता. आणखी काही फेऱ्या त्याच्यावर नजर ठेवून वापरता येईल.

तिसरी खूण क्षमतेची. '१ अ' नवा असताना ठरलेल्या विभवापर्यंत उडवून आणल्यावर भरताना १२,८०० मिलिअँपियर-तास घेत असे. आता त्याच स्थितीतून १०,२०० घेऊ लागला, तर त्याची क्षमता ८० टक्क्यांवर आली. माणसांच्या, घरांच्या किंवा तारांच्या वर उडणाऱ्या यंत्रातून असा पॅक काढून घ्यावा. चार्जर लवकर भरतो म्हणून आनंद मानणारे अनेक भेटतात. बॅटरी लवकर भरते याचा अर्थ तिच्यात जागा कमी उरली आहे.

अतिरिक्त रिकामा झालेला पॅक

शाळांमध्ये सर्वाधिक पॅक वाया जातात ते या कारणाने. शनिवारी स्पर्धेचा सराव होतो, यंत्रमानवाचा खटका चालूच राहतो आणि सर्व जण घरी जातात. चाके थांबलेली असली तरी नियंत्रक-पट्टी १०० मिलिअँपियर ओढत असेल, तर २,२०० मिलिअँपियर-तासांचा भरलेला पॅक बावीस तासांत पूर्ण रिकामा होतो. सोमवारी घट दोन व्होल्टच्या खाली सापडतात. विभवाची सूचना देणारा छोटा भोंगा लावून ठेवला तरी तो स्वतः थोडा प्रवाह घेतच असतो, तेव्हा काम संपताच पॅक दोन्ही जोडांतून मोकळा करणे एवढाच खात्रीचा उपाय आहे.

समतोल-चार्जर असा पॅक भरण्यास नकार देतो. मग कोणीतरी सुचवितो की चार्जरवर `NiMH` ही दुसऱ्या जातीची रीत निवडून थोडे भरावे आणि मग पुन्हा `LiPo` वर यावे. हा प्रयोग करू नये. घट फार खाली गेला की त्याच्या आतील तांब्याचा पातळ पत्रा विरघळू लागतो. पुन्हा भरताना ते तांबे भलत्याच ठिकाणी साचते आणि आतल्या आत लघुमंडलाची वाट तयार होते. पॅक त्या दिवशी चालतो, हेच या प्रयोगाचे दुर्दैव. पेटतो तो नंतर केव्हातरी, कपाटात.

साठवण आणि आपत्तीची तयारी

पूर्ण भरलेला घट तापलेल्या खोलीत ठेवला की तो न वापरताही झिजतो आणि फुगतो. म्हणून दोन-तीन दिवसांत उड्डाण नसेल तर पॅक ३.८ व्होल्टवर आणावा; सहा घटांच्या पॅकचा एकूण आकडा २२.८ ते २३.१ व्होल्ट येईल. पत्र्याच्या छपराखालचे कपाट किंवा उन्हात उभी असलेली जीप या जागा टाळून घरातील सर्वांत थंड, कोरडी जागा निवडावी. शीतकपाटात मात्र ठेवू नये, कारण बाहेर काढल्यावर आपल्या हवेत पॅकवर लगेच दव धरते. महिन्यातून एकदा घट मोजावेत. काही ड्रोनच्या पॅकमध्ये स्वतःचे नियंत्रक मंडल असते व ते काही दिवसांनी आपोआप साठवणीच्या पातळीवर उतरते. त्यांच्या बाबतीत निर्मात्याची पुस्तिका प्रमाण मानावी.

येथे एक अडचण उभी राहते आणि ती या भागात काल्पनिक नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. वर वाहन जाईल असा रस्ता नव्हता आणि खराब हवामानामुळे हेलिकॉप्टरही उडू शकले नाही. अशा दुर्गम वाड्यांची पाहणी करण्यासाठी तालुक्याने ड्रोन बाळगले, तर त्याच्या बॅटऱ्या कोणत्या स्थितीत ठेवाव्यात? नेहमी भरून ठेवल्या तर चार महिन्यांत त्यांचे आयुष्य झपाट्याने घटते आणि ऐन वेळी आजारी घट घेऊन उडावे लागते. साठवणीच्या पातळीवर ठेवल्या तर हाक आल्यावर त्या भरण्यास वेळ लागतो, आणि दरडीच्या रात्री वीज असेलच याची शाश्वती नसते.

यावर फिरत्या क्रमाचा तोडगा काढता येतो. चार जोड्या असतील तर पावसाळ्यात एक जोडी पूर्ण भरलेली ठेवावी आणि उरलेल्या तीन ३.८ वर. दर तीन दिवसांनी भरलेली जोडी सरावाच्या उड्डाणात वापरून किंवा चार्जरच्या मदतीने खाली उतरवावी व पुढची जोडी भरावी. अशा रीतीने प्रत्येक जोडी बारा दिवसांतून तीनच दिवस भरलेली राहते. हवामान खात्याने जिल्ह्यासाठी लाल इशारा दिला की सर्व जोड्या वीज असतानाच भरून घ्याव्यात. अर्ध्यावरून पूर्ण होण्यास १० अँपियर प्रवाहाने साधारणतः तास लागतो. इशारा उठल्यावर त्या परत साठवणीवर आणणे हे काम मात्र विसरले जाते. त्यासाठी जबाबदार व्यक्तीचे नाव वहीत लिहून ठेवावे. साठवणीच्या पातळीवरील पॅकमध्येही निम्मी शक्ती असतेच, हे ध्यानात ठेवावे. कॅमेरा घेऊन उडणारा हलका ड्रोन तेवढ्यावर एक छोटी फेरी निश्चित करू शकतो, फक्त परतीचा हिशेब अधिक काटेकोर हवा.

पेटला तर, आणि निकामी झाला तर

चार्जिंग चालू असताना पॅक फुसफुसू लागला किंवा फुगताना दिसला, तर प्रथम मुख्य खटका बंद करावा. धूर निघत असेल तर पॅकला हात लावू नये. या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात, म्हणून खोली रिकामी करून दारे उघडी टाकावीत आणि १०१ क्रमांकावर अग्निशमन दलास कळवावे. लिथियमवर पाणी टाकू नये असा एक समज रूढ आहे. या पॅकमध्ये शुद्ध धातूरूप लिथियम नगण्य असते. वीज तोडल्यानंतर सुरक्षित अंतरावरून भरपूर पाणी मारल्यास घट थंड होतात आणि शेजारचे घट पेटण्याची साखळी तुटते. चमचाभर पाण्याने मात्र काही साधत नाही. वाळूमुळे लहान पॅकची आग पसरत नाही, परंतु घट थंड होत नसल्यामुळे ती पुन्हा भडकू शकते. ड्रोन आपटला असेल तर त्यातील पॅक बाहेरून धड दिसला तरी उघड्यावर, दगडी जागी, रात्रभर वेगळा ठेवावा.

बाद केलेला पॅक घंटागाडीत टाकू नये. कचरा दाबला जाताना तो पेटतो. वायू सोडण्यासाठी फुगलेल्या घटाला सुई टोचणे तर सर्वस्वी वर्ज्य आहे. काही ठिकाणी असा पॅक मिठाच्या पाण्यात बुडवून रिकामा करण्याची प्रथा आहे. तीवर विसंबू नये, कारण पिना गंजून तुटतात आणि आतील शक्ती तशीच राहते. फुगलेला नसेल तर चार्जरच्या मदतीने किंवा मोटारीच्या दिव्यासारख्या लहान भारावर, उघड्यावर व देखरेखीखाली तो रिकामा करावा. नंतर जोडांवर चिकटपट्टी लावून 'बाद' असे लिहावे. ऑगस्ट २०२२ मध्ये लागू झालेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांचा पुनर्वापर घडवून आणण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. ड्रोन खरेदीच्या वेळीच, करारात, विक्रेता जुने पॅक कोठे व कसे स्वीकारणार हे लिहून घेतले तर बाद पॅकांची रास ग्रामपंचायतीच्या कोठीत साचत नाही.